माजाचे छत्तीस तास

आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत घट्ट झाकणाची एक जुनी बरणी असते. तिला कोणी हात लावत नाही, कारण तिच्यात बोकडाचा वास कोंडलेला आहे. मी पहिल्यांदा झाकण फिरवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आत पंच्याचा एक जुना तुकडा होता, घामट, पिवळसर. बोकडाच्या शिंगांमागे चोळचोळून आणलेला. "ठेव बाई लवकर, सगळ्या घरात पसरेल," आत्या म्हणाली. "आणि मग कबरीला आज खरं-खोटं काही कळणार नाही."

आत्या लग्न होऊन जबलपूरला आली त्याला चाळीस वर्षं झाली. तिलवाऱ्याला नर्मदेच्या घाटावर संक्रांतीची यात्रा भरते. त्या घाटापासून शेताच्या अंगाला थोडं आत गेलं की तिचं घर. घरामागच्या गोठ्यात नऊ शेळ्या, कबरी त्यांतलीच एक. बोकड नाही. नऊ शेळ्यांसाठी बोकड पोसणं तिला परवडत नाही, आणि त्याच्या वासाचं दूध घरातलं कोणी पीत नाही. म्हणून तिचा सगळा हिशोब एका प्रश्नावर येऊन थांबतो: शेळी माजावर आली हे कधी ओळखायचं, आणि तिला कोणत्या वेळी बोकड दाखवायचा?

वरवर हा प्रश्न सोपा वाटतो. शेळी ओरडली, नेली, झालं. मलाही तसंच वाटत होतं. मात्र कबरी दोनदा उलटली. ती भरवल्यावर गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तेव्हा आत्या वही घेऊन बसली आणि मीही तिच्याजवळ बसले.

कबरीचं असं झालं होतं. १ मे रोजी रात्रभर ओरडली, २ मे रोजी सकाळी आठला आत्याच्या दिराने तिला चार किलोमीटर चालवत शेजारच्या वस्तीवर नेलं. बोकडाने एकदा काम केलं. तासाभरात कबरी उन्हातून परत. २२ तारखेला संध्याकाळी पुन्हा ओरडू लागली. २३ मेच्या पहाटे पुन्हा तीच वाट, पुन्हा एकदाच बोकड. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरात चर्चा सुरू झाली की ही वांझ निघाली बहुतेक, बाजार दाखवावा. सहा वर्षांची शेळी, आधीच्या तीन वेतांत पाच करडं. तिला वांझ म्हणायला आत्याचं मन धजेना.

या दोन तारखांमधलं अंतर बघा. २ मे ते २३ मे, एकवीस दिवस. शेळीचं माजाचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं असतं, अठरापासून चोवीसपर्यंत धरलं तरी चालतं. म्हणजे कबरीचं चक्र नीट चालू होतं, तिच्या शरीरात बिघाड दिसत नव्हता. प्रश्न वेळेचा होता.

शेळीचा माज गायीपेक्षा लांब चालतो, साधारण एक ते दोन दिवस. बीज मात्र माज सुरू होताच सुटत नाही. माज सुरू झाल्यानंतर तीसेक ते छत्तीस तासांच्या आसपास, म्हणजे बहुतेकदा माज ओसरू लागला की ते सुटतं. त्याचं आयुष्य मोजक्या तासांचं, फार तर दिवसभराचं. बोकडाचं वीर्य शेळीच्या गर्भमार्गात एक ते दोन दिवस तग धरतं, मात्र त्याचा जोर पहिल्या दिवसातच असतो, आणि फलनासाठी तयार व्हायलाही त्याला काही तास लागतात. आता हिशोब मांडा. माज रात्री बाराला सुरू झाला असं धरलं, आणि सकाळी आठला एकदाच बोकड दाखवला, तर बीज सुटायला अजून बावीस ते अठ्ठावीस तास आहेत. तोवर वीर्य थकतं. कधी जमतं, कधी नाही. दोन्ही वेळा कबरीला जमलं नाही. त्यावर मेचं ऊन आणि आठ किलोमीटरची पायपीट, तीही दोन्ही वेळा. नेमकं कोणतं कारण भारी पडलं हे सांगता येणार नाही, मात्र वेळेची चूक सुधारणं आत्याच्या हातात होतं.

तिने तिसऱ्या वेळी काय केलं ते नीट सांगते, कारण बोकड नसलेल्या घराला तेच उपयोगी आहे.

२३ मेपासून अठरावा दिवस १० जूनला येत होता. कालनिर्णयाच्या त्या चौकटीत तिने एक टिंब काढलं आणि त्या दिवसापासून रोज दोन वेळा कबरीकडे मुद्दाम बघायचं ठरवलं: पहाटे शेळ्या सोडायच्या आधी आणि संध्याकाळी चरून आल्यावर. दुपारी नाही. दुपारी शेळ्या उन्हाने रवंथ करत बसलेल्या असतात, तेव्हा माजाची लक्षणं लपतात.

बघायचं काय? ओरडणं हे सगळ्यात फसवं लक्षण आहे. शेळी भुकेने ओरडते, करडू वेगळं केलं की ओरडते, नवीन दाव्याला बांधली तरी ओरडते. शेपटी जास्त विश्वासाची. माजावरची शेळी शेपूट झटाझट हलवते, थांबतच नाही. निरण सुजून लालसर दिसते. दूध त्या दिवशी कमी निघतं, चारा टाकलेला तसाच राहतो. वारंवार थोडी थोडी लघवी करते, आणि कधी कधी दुसऱ्या शेळीच्या अंगावर चढते. शेवटचं लक्षण गायींइतकं ठळक नसतं, म्हणून त्याची वाट बघत बसू नये.

बरणीचा उपयोग इथेच. आत्याने तिला बोकडाची आठवण असं नाव दिलं आहे. बोकड माजात असताना त्याच्या शिंगांमागच्या ग्रंथींवर जाड फडकं जोरात चोळायचं, हात पुरते चिकट होईपर्यंत, आणि लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत टाकायचं. वास उडू लागला की फडकं पुन्हा बोकडाकडे जाऊन आणायचं. पाहणीच्या वेळी बरणी शेळीच्या नाकाजवळ नेऊन उघडायची. माजावर नसलेली शेळी हुंगून तोंड फिरवते. माजावरची नाक खुपसते, शेपूट हलवते, बरणीमागे चालू लागते.

यात जादू नाही. २०१४ साली टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बोकडाच्या डोक्याच्या केसांतून निघणारा एक पदार्थ, चार-इथाइलऑक्टॅनाल, शेळीच्या मेंदूतलं प्रजननाची नाडी चालवणारं केंद्र जागं करतो. त्याच्याच जवळचं आम्ल, चार-इथाइलऑक्टॅनोइक आम्ल, ज्याला आपण बोकडाचा वास म्हणतो त्यामागे असतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझी बरणी बरोबर आहे ना? बस."

१२ जूनच्या संध्याकाळी निरण किंचित गुलाबी वाटली, बरणीकडे मात्र कबरीने ढुंकूनही पाहिलं नाही. १३ जूनला पहाटे सहाला बरणी उघडताच ती नाक आत घालून राहिली. शेपूट थांबेना. निरणीखाली केसांना चिकटलेला सोट लोंबत होता, पाण्यासारखा स्वच्छ. आत्याने तो दोन बोटांत धरला आणि बोटं हळूच वेगळी केली. तार निघाली, काचेची, कुठेही दूधट नाही. "बघ, अजून वेळ आहे," ती म्हणाली. "ही आत्ता नेली असती तर मागच्यासारखंच."

हा सोट नीट बघितला तर घड्याळासारखा चालतो. माजाच्या सुरुवातीला तो थोडा, पातळ आणि स्वच्छ असतो. मध्यात भरपूर आणि तार निघणारा होतो. मग धूसर, पांढरट, दाट, आणि माज संपत आला की दह्याच्या कणांसारखा. भरवण्याची चांगली वेळ तो धूसर होऊ लागतो तेव्हाची. कृत्रिम रेतनात तर हे फारच महत्त्वाचं, कारण गोठवलेल्या वीर्याचं आयुष्य ताज्यापेक्षा कमी असतं. तिथे थोडं आधी किंवा थोडं नंतर झालं तरी कांडी वाया जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने महाराष्ट्रात शेळ्यांच्या गोठवलेल्या वीर्याने रेतन करण्याचं काम केलं, आणि तिथेही खरी अडचण शेळी वेळेवर आणण्याचीच असते.

१३ जूनला सकाळी लक्षण दिसलं. माज कधी सुरू झाला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, फक्त एवढं की आदल्या संध्याकाळी नव्हता. म्हणजे रात्रीतला कुठला तरी तास. आत्याने मध्यरात्र धरली. त्यावरून बीज सुटण्याची वेळ निघाली १४ जूनची सकाळ ते दुपार. मग नेम असा: सकाळी ओळखली तर त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. संध्याकाळी ओळखली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी. दोन वेळा भरवण्यामुळे अंदाजातली चूक झाकली जाते. पहिली वेळ लवकर बीज सुटणारीसाठी, दुसरी उशिरा सुटणारीसाठी.

या वेळी चालत नेलं नाही. १३ तारखेला ऊन उतरल्यावर दिराच्या हातगाडीत चारा टाकून तिला बसवून नेलं, तिथेच रात्र काढली, आणि १४ तारखेच्या सकाळी पुन्हा बोकड दाखवून परत आणलं. घरी आल्यावर बांधून ठेवली, दिवसभर चरायला सोडली नाही. बोकडाच्या मालकाला आधीच विचारून ठेवलं होतं की त्या दोन दिवसांत त्याच्याकडे दुसरी शेळी नको. एकाच दिवसात बोकडाला भरपूर शेळ्या दाखवल्या की शेवटच्या शेळीच्या वाट्याला फार थोडं येतं.

आत्याच्या हिशोबावर माझा विश्वास बसत चालला होता, तरी एक प्रश्न उरला. ज्याच्याकडे साठ शेळ्या आहेत तो प्रत्येकीच्या नाकाखाली बरणी कशी धरणार? त्यासाठी मी दद्दांकडे गेले. ते घाटाच्या पलीकडे वस्तीवर राहतात, त्यांचा कळप मोठा. त्यांच्याकडे एक बोकड आहे ज्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याची वीर्यनलिका बंद केली आहे. नर म्हणून तो पूर्ण, मात्र त्याच्यापासून गर्भ राहत नाही. अशा बोकडाला पशुवैद्यक टिझर बोकड म्हणतात. जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे, २००९ पासून तिथे विद्यापीठ झालं, त्यामुळे इकडे डॉक्टरकडून हे करून घ्यायची माणसांना सवय आहे.

"ये हमारा चौकीदार है," दद्दा म्हणाले. पहाटे सहा वाजता, कळप चरायला सोडायच्या आधी, त्यांनी बोकडाच्या छातीवर गेरू लावला. गेरू सरसोंच्या तेलात कालवलेला, पातळ नाही, मलमासारखा. मग वाड्यात त्याला सोडलं आणि आपण कडेला उभे राहिले. वीस मिनिटं, घड्याळ बघून. बोकड एकेका शेळीमागे जाऊन हुंगत होता, लघवीच्या वासावर वरचा ओठ वळवत होता. मला वाटलं, आता ज्या ज्या शेळीजवळ तो थांबला ती माजावर. दद्दांनी मान हलवली. "वो तो सबको सूंघता है। देखना ये है कि कौन खड़ी रहती है।"

हेच मी तिथून घेऊन आले. बोकडाची आवड म्हणजे पुरावा नाही, शेळीचं थांबणं हा पुरावा. माज लागायच्या आधी शेळी बोकडाभोवती घोटाळते, मात्र तो चढायला गेला की सटकते. माज पुरता आला की ती पाय रोवून उभी राहते, शेपूट बाजूला करते, आणि वजन झेलते. गेरूची खूणही हेच बोलते. माकडहाडावर मधोमध भरलेला लाल पट्टा म्हणजे ती थांबली. कुल्ल्यावर तिरपा, विखुरलेला डाग म्हणजे तो प्रयत्न करत होता आणि ती निसटली. दद्दा कळप चरून आला की संध्याकाळी पुन्हा हाच फेरा करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन खुणा मोजतात. खूण जुनी की ताजी हे समजावं म्हणून काही दिवसांनी गेरूऐवजी काजळीचा काळा रंग वापरतात.

त्या दिवशी तीन शेळ्या लाल झाल्या. त्यातली एक पाट, म्हणजे न व्यालेली तरुण शेळी. ना ओरडली होती, ना चारा सोडला होता, कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. मुका माज तो हाच. बोकड नसलेल्या घरी ही पाट पुढच्या एकवीस दिवसांसाठी हातातून निसटली असती. टिझरचा खरा फायदा अशाच शेळ्यांसाठी. तरी दद्दांनी तिला खऱ्या बोकडाजवळ नेलं नाही. सातच महिन्यांची होती ती. माज आला म्हणजे गर्भ झेलायची ताकद आली असं नाही. वर्षाच्या आसपास, मोठ्या शेळीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश भरली की तेव्हा. त्यांनी तिची तारीख वहीत टिपली आणि तिला सोडून दिलं.

टिझरला मर्यादा आहेत, आणि त्या दद्दांनी न लपवता सांगितल्या. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना त्याला शेळ्यांमध्ये सोडायचं नाही, कारण नळीत आधीचं वीर्य शिल्लक असतं. एकदा घाई केली आणि दोन शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहिल्या. शिवाय हा बोकड प्रत्यक्ष संग करतो, त्यामुळे एका शेळीचा रोग दुसरीला पोचू शकतो. कळपात गर्भपात होऊ लागले तर डॉक्टरला त्याच्याकडेही बघायला सांगायचं. आणि वीस मिनिटांचा नियम त्याच्यासाठीही आहे. दिवसभर शेळ्यांत ठेवला की त्याचा रस जातो आणि शेळ्यांनाही त्याची सवय होते.

या सवयीचा एक उलटा उपयोग आहे. बोकड तीन-चार आठवडे शेळ्यांच्या नजरेआड, वासाच्या पल्ल्याबाहेर ठेवून अचानक आणला, तर ज्या शेळ्यांचा माज बंद होता त्यांतल्या बऱ्याच जणी आठवड्या-दीड आठवड्यात माजावर येतात. हे टिझरनेही होतं. अडचण अशी की या पहिल्या माजानंतर काहींना पाच-सात दिवसांतच पुन्हा माज येतो. तो पहिला माज अपुरा असतो, त्यावर भरवलं तर फारसं टिकत नाही. त्यामुळे एखादी शेळी सहाव्या दिवशी उलटली तर घाबरून तिला नावं ठेवू नयेत. ते चक्र छोटं असतं, पुढचं एकवीस दिवसांचं येतं.

शस्त्रक्रिया नको असेल तर पोटाला फडकं बांधून खरा बोकडच टिझर म्हणून वापरता येतो. पूर्व आफ्रिकेतले मसाई लोक चामड्याचं असं झापड बांधतात. आपल्याकडे जाड गोणपाट पुरतं, लिंगाच्या पुढे, दोऱ्या पाठीवर. रोज सोडून धुवून वाळवावं लागतं, नाहीतर कातडी सोलते आणि माश्या बसतात. आणि फडकं सरकलं तर तुमच्या वहीत नसलेली तारीख शेळीच्या पोटात पडते. आत्याने हा उपाय एकदा करून पाहिला होता. दोरी सैल निघाली, आणि नको त्या महिन्यात करडं झाली. त्याच कारणाने तिने तीन महिन्यांची नर करडं आता आईपासून वेगळी बांधायला सुरुवात केली आहे. लहान दिसतात, मात्र आईला आणि बहिणीला गाभण करायला चार महिन्यांचा बोकड पुरतो.

नको तो महिना म्हणजे काय, तर शेळी साधारण १५० दिवसांत विते. मार्चमध्ये भरवली तर ऑगस्टमध्ये, नर्मदेच्या पुराच्या आणि चिखलाच्या दिवसांत करडं जन्मतात. ओला गोठा, सर्दी-न्यूमोनिया, जंत. जूनमध्ये भरवली तर नोव्हेंबर, ओल सरलेली, झाडोरा अजून हिरवा. म्हणून कबरीचा तिसरा माज जूनमध्ये आला हेही तिच्या बाजूने होतं. त्याआधी आत्याने पंधरा दिवस रोज पावशेर मका आणि हरभऱ्याचा भुस्सा असा जास्तीचा खुराक तिला दिला होता.

१४ जूननंतर आत्याने कालनिर्णयावर आणखी पाच चौकटी रंगवल्या: २ जुलै ते ६ जुलै. अठरावा ते बाविसावा दिवस. त्या पाच दिवसांत पुन्हा बरणी, पहाटे आणि संध्याकाळी. कबरीने तोंड फिरवलं. सोट नाही, शेपूट शांत. तरी न उलटणं म्हणजे गाभण असंच नाही. काही शेळ्या गर्भाशयात नुसतं पाणी साठून खोट्या गाभण राहतात, त्यांचा माजही बंद पडतो. म्हणून २४ जुलैला, चाळिसाव्या दिवशी, डॉक्टरकडून सोनोग्राफी करून घेतली. पडद्यावर काळ्या पाण्यात दोन पांढरे ठिपके हलत होते.

मी सप्टेंबरात पुन्हा तिलवाऱ्याला गेले तेव्हा कबरीचं पोट उजव्या बाजूने भरलं होतं. नोव्हेंबरच्या पानावर ११ तारखेभोवती लाल गोल होता, आणि ६ ते १६ या सगळ्या चौकटींवर बारीक अक्षरात, "रात्री उठून बघायचं." बरणी खिडकीतून खाली आली होती. आत्याचा हात तिच्यात होता, नवं फडकं घालत होती. "पांढरीचा सतरावा दिवस," तिने सांगितलं. "उद्यापासून तिची पाळी."